एकाच अ‍ॅपमध्ये हिरवी-गुलाबी झाक: RGB ठेवावं, YCbCr ठेवावं की स्विचिंगच बंद करावं?

स्ट्रीमिंग बॉक्सचा मुख्य पडदा स्वच्छ असतो, बाकीची अ‍ॅपंही व्यवस्थित चालतात, आणि एका ठरावीक अ‍ॅपमध्ये चित्रपट सुरू झाला की चेहरे हिरवे आणि सावल्या जांभळट-गुलाबी होतात. साहजिकच संशय अ‍ॅपवर जातो आणि माणूस ते काढून पुन्हा टाकतो. फरक पडत नाही. कारण बऱ्याचदा अ‍ॅप एवढंच करतं की बॉक्सला आउटपुट बदलायला लावतं. मुख्य पडदा साध्या एसडीआरमध्ये असतो, हे अ‍ॅप जास्त उजळ आणि जास्त रंग दाखवणारं एचडीआर मागतं, आणि त्या बदलात कुठेतरी रंगांचा अर्थ चुकीचा लावला जातो.

यावर तीन पर्याय आहेत: बॉक्स कायम RGB वर ठेवणं, कायम YCbCr वर ठेवणं, किंवा चालू असलेल्या चित्रपटाप्रमाणे फॉरमॅट बदलण्याची सोयच बंद करणं. RGB मध्ये प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे जातात; YCbCr मध्ये प्रकाशाचा एक आणि रंगाचे दोन. पण यांतलं काही निवडण्याआधी एक चाचणी करा. तिचं उत्तर प्रतिकूल आलं तर तिन्ही पर्याय निरुपयोगी आहेत.

झाक दिसत असताना चित्र थांबवा, अ‍ॅपचा कंट्रोल बार पडद्यावर आणा आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज वाढवा. आता पडद्यावर तीन थर आहेत: व्हिडिओ, अ‍ॅपने काढलेली अक्षरं आणि टीव्हीने स्वतः काढलेली आवाजाची पट्टी. व्हिडिओ आणि अ‍ॅपची अक्षरं दोन्ही रंगलेली, पण टीव्हीची पट्टी पांढरी असेल, तर बिघाड बॉक्सच्या आउटपुटपासून टीव्हीच्या इनपुटपर्यंतच्या वाटेवर आहे. अ‍ॅपची अक्षरं शुद्ध पांढरी आणि फक्त व्हिडिओ रंगलेला असेल, तर चूक व्हिडिओ उलगडतानाच झाली आहे. टीव्हीची पट्टीही रंगलेली असेल, तर टीव्हीची पिक्चर सेटिंग्ज किंवा पॅनेल पाहा. या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसऱ्या प्रकाराचं नेहमीचं कारण म्हणजे डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराची प्रोफाइल ५. तिच्यात रंग नेहमीच्या पद्धतीने साठवलेले नसतात आणि साध्या एचडीआर१० ला चालेल असा पायाभूत थरही नसतो. डॉल्बी व्हिजन न समजणाऱ्या प्लेअर अ‍ॅपने अशी फाइल उघडली की चित्र हमखास हिरवं-जांभळं होतं. फाइल तुमच्याकडे असेल तर फाइलचा तांत्रिक तपशील दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये अशी ओळ दिसेल:

```
HDR format : Dolby Vision, Version 1.0, dvhe.05.06, BL+RPU
```

`dvhe.05` दिसलं आणि पुढे एचडीआर१० सुसंगत असल्याचा उल्लेख नसला, तर आउटपुटशी खेळत बसू नका. दुसरा प्लेअर किंवा दुसरी प्रत, एवढाच मार्ग.

आता पहिला प्रकार. त्यात काळा रंग फार बोलका असतो. चित्रपटाच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या पाहा. YCbCr मध्ये काळा, राखाडी, पांढरा या सगळ्यांत रंगाचे दोन आकडे मध्यावर, म्हणजे ८ बिटमध्ये १२८ वर असतात. बदलतो तो फक्त प्रकाशाचा आकडा: काळ्यात १६, पांढऱ्यात २३५. एचडीएमआयमध्ये हा प्रकाश हिरव्याच्या वाहिनीतून जातो. टीव्हीने हे RGB समजून वाचलं, तर काळ्यात लाल १२८, हिरवा १६, निळा १२८ होतो, म्हणजे जांभळट-गुलाबी. पांढऱ्यात हिरवा २३५ होतो आणि चित्राचा उजळ भाग हिरवा पडतो. उलट चूक झाली, म्हणजे बॉक्सने RGB पाठवलं आणि टीव्हीने ते YCbCr समजून वाचलं, तर काळ्या पट्ट्या गडद हिरव्या आणि पांढरं गुलाबी दिसतं. पट्ट्यांवरून चूक कुठल्या दिशेने झाली ते कळतं. (केबल कमकुवत असेल तर सहसा अशी सरसकट झाक येत नाही; ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा चित्र क्षणभर जातं.)

एक उदाहरण घेऊ. बॉक्स, मध्ये ऑडिओ रिसीव्हर, पुढे टीव्ही. मुख्य पडदा 4K, ६० हर्ट्‌झ, ८ बिट RGB. चित्रपटाचं अ‍ॅप १० बिट एचडीआर मागतं. 4K ६० ला ८ बिट RGB साठी सेकंदाला साधारण १७.८ गिगाबिट लागतात आणि एचडीएमआय २.० ची मर्यादा आहे १८. १० बिट RGB ला २२ च्या वर लागतात, ते बसत नाही. म्हणून बॉक्स निमूटपणे YCbCr 4:2:2 कडे वळतो; त्यात रंगाची बारीकी आडव्या दिशेने निम्मी होते आणि १२ बिटपर्यंतचा व्हिडिओ त्याच १७.८ मध्ये मावतो. हा बदल झाल्याची सूचना सिग्नलसोबतच्या छोट्या माहितीच्या पाकिटात जाते. रिसीव्हर ती पुढे नीट देत नाही, टीव्ही जुन्या समजुतीनेच वाचत राहतो, आणि काळ्या पट्ट्या रंगतात. खात्री करायची तर बॉक्स थेट टीव्हीला जोडा. झाक गेली, तर दोषी रिसीव्हर.

| पर्याय | मिळतं काय | जातं काय |
|---|---|---|
| कायम RGB | अक्षरांच्या कडा सगळ्यात स्वच्छ | ६० हर्ट्‌झवर १० बिट बसत नाही, मग बदल अटळ |
| कायम YCbCr 4:2:2 | एसडीआर आणि एचडीआर दोन्ही एकाच कुळात | बारीक रंगीत अक्षरं किंचित मऊ |
| स्विचिंग बंद, एसडीआर कायम | झाक जाते | एचडीआर जातं |

टीव्ही आणि चित्रपट यांसाठी मी बिनदिक्कत मधला पर्याय घेईन. मुख्य पडदाही YCbCr मध्ये असला की अ‍ॅप सुरू होताना रंगाचं कुळ बदलत नाही, त्यामुळे RGB आणि YCbCr यांची गल्लत व्हायला वावच राहत नाही. आणि जोडणीतलं एखादं उपकरण YCbCr मुळीच ओळखत नसेल, तर झाक लगेच मुख्य पडद्यावरच दिसेल. शोध घ्यायला ते उलट बरंच. 4:2:2 मधला मऊपणा सोफ्यावरून दिसत नाही. संगणकाचा मॉनिटर असेल तर गोष्ट वेगळी: तिथे दिवसभर बारीक अक्षरं वाचायची असतात, म्हणून RGB.

अ‍ॅपल टीव्हीवर हे `Video and Audio` मध्ये मिळतं: `HDMI Output` ला `YCbCr`, `Chroma` ला `4:2:2`, आणि `Match Content` मध्ये `Match Dynamic Range`. टीव्हीच्या बाजूलाही त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू हवी. सॅमसंगवर तिला `Input Signal Plus` म्हणतात, सोनीवर `Enhanced format`. ती बंद असेल तर `4:2:2` निवडूनही ६० हर्ट्‌झवर एचडीआर मिळणार नाही.

मुख्य पडदा कायम एचडीआरमध्ये ठेवण्याचा उपायही काही जण सुचवतात. झाक त्याने जाते, पण बातम्या, जुने कार्यक्रम, सगळंच एचडीआरमध्ये रूपांतरित होऊन येतं आणि बऱ्याच टीव्हींवर ते डोळ्यांत भरेल इतकं भडक किंवा फिकं दिसतं. मला तो पटत नाही.

YCbCr करूनही फक्त डॉल्बी व्हिजनच्या चित्रपटांतच झाक राहिली, तर समजावं की मधलं उपकरण त्या सिग्नलच्या आकड्यांना हात लावतंय. डॉल्बी व्हिजनच्या मूळ पद्धतीत माहिती ८ बिट RGB च्या वेषात पॅक होऊन जाते. रिसीव्हरने त्यावर रंगसुधारणा केली किंवा स्वतःचा मेनू चढवला की ती बिघडते. आधी रिसीव्हरमधली व्हिडिओ प्रक्रिया बंद करून पाहा. तरी जमलं नाही तर बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईएआरसीवरून, म्हणजे टीव्हीकडून एचडीएमआय केबलनेच, रिसीव्हरकडे परत आणा. टीव्हीला ईएआरसी नसेल तर बॉक्सवर डॉल्बी व्हिजन सोडून एचडीआर१० निवडा.