लोकलचे तिकीट: ॲपवर काढावे की यंत्रावर?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात जाणाऱ्या माणसाला मासिक पास परवडत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे रोजच्या तिकिटाचा प्रश्न उभा राहतो. खिडकीवरची रांग त्याला नको असते, म्हणून निवड उरते ती फलाटाबाहेरच्या एटीव्हीएम यंत्रात आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये. ॲप म्हणजे आधी यूटीएस होते, आता १ जुलै २०२५ रोजी आलेले रेलवन. अनारक्षित तिकीट त्यात मिळते. ‘घरबसल्या तिकीट’ एवढीच ॲपची ओळख अनेकांना असते. प्रत्यक्षात हे तिकीट तुम्ही कुठे उभे राहून काढता आणि त्यानंतर किती वेळात गाडीत चढता, या दोन गोष्टींवर ते सोयीचे की गैरसोयीचे हे ठरते.

ॲपवर तिकीट काढताना दोन पर्याय दिसतात. `Book & Travel (Paperless)` म्हणजे कागदाविना तिकीट, जे फोनवरच दाखवायचे. आणि `Book & Print (Paper)` म्हणजे पैसे फोनवर भरायचे, पण छापील तिकीट यंत्रातून किंवा खिडकीवरून घ्यायचे. पहिल्या पर्यायात ॲप फोनचे लोकेशन मागते, मिळालेले अक्षांश-रेखांश रेल्वेच्या हद्दीशी ताडून पाहते आणि तुम्ही स्थानकात किंवा रुळांवर आहात असे दिसले तर तिकीट देत नाही. दुसऱ्या पर्यायाला ही अट नाही, कारण कागद हातात येईपर्यंत ते तिकीट प्रवासाला चालतच नाही.

ही अट का घातली, हे जुन्या प्रवाशांना सांगावे लागत नाही. २०१५ पर्यंत मुंबईत कूपनांची पुस्तिका मिळत असे. प्रवासाआधी ती कूपने स्थानकावरच्या यंत्रात घालून त्यांवर तारीख-वेळेचा ठसा उमटवून घ्यावा लागे. बरेच जण कोरी कूपने खिशात ठेवून निर्धास्त फिरत आणि पुढे तपासनीस दिसला तरच यंत्राकडे वळत. फोनवरच्या तिकिटातही हीच पळवाट राहिली असती, कारण काळा कोट दिसल्याबरोबर दहा सेकंदांत १५ रुपयांचे तिकीट काढणे कोणालाही जमले असते. म्हणून कूपनावरच्या ठशाचे काम लोकेशनकडे आले. कागदाविना तिकीट ज्या क्षणी निघते त्याच क्षणी ते प्रमाणित झालेले असते. पुढे दारावर किंवा फलाटावर ते पुन्हा कुठे दाखवून उघडून घ्यावे लागत नाही.

पूर्वी या हद्दीला दोन कडा होत्या. स्थानकाच्या आत तिकीट मिळत नसे आणि फार लांबूनही मिळत नसे. बाहेरची मर्यादा उपनगरी प्रवासासाठी आधी २ किलोमीटर होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ५ किलोमीटर झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती काढूनच टाकली. आतली कड मात्र कायम आहे. तेव्हापासून ‘आता कुठूनही तिकीट काढता येते’ असे सर्रास म्हटले जाते. ते खरे असले तरी घोडबंदर रोडवरच्या माणसाने त्यावर विसंबू नये, कारण अंतराची मर्यादा गेली तरी वेळेची राहिली आहे. उपनगरी तिकीट काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू व्हायला हवा.

एक सकाळ उदाहरणादाखल घेऊ. मानपाड्याहून सीएसएमटीला जायचे आहे. सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी, चहा पीत असतानाच घरून तिकीट काढले. ८.१५ ची बस मिळाली, कापूरबावडी आणि माजिवडा येथे नेहमीप्रमाणे खोळंबा झाला आणि बस ठाणे स्थानकालगतच्या सॅटिस पुलावर लागली तेव्हा ९ वाजले होते. पुलावरच्या गर्दीतून फलाटावर पोहोचून जी गाडी मिळाली ती ९ वाजून १२ मिनिटांची. तिकीट खरे आहे, पैसेही दिलेले आहेत, पण काढल्याची वेळ त्यावर छापलेली असते आणि मुदत सात मिनिटांपूर्वी संपलेली आहे. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचे भाडे १५ रुपये आहे. वैध तिकीट नसल्याचे ठरले तर भाड्याखेरीज किमान २५० रुपये अतिरिक्त आकार भरावा लागतो, म्हणजे या प्रवासात एकूण २६५ रुपये.

याच प्रवाशाने दुसरे टोक गाठले, म्हणजे बस सॅटिसवर लागेपर्यंत फोन बाहेरच काढला नाही, तर निराळी अडचण येते. सॅटिसचा उन्नत मार्ग स्थानकाला खेटून आहे. तिथे आजूबाजूला छप्पर, काँक्रीट आणि गर्दी असल्यामुळे फोनला आपली जागा नेमकी कळत नाही. मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरांपर्यंत बरोबर असणारा अंदाज अशा ठिकाणी कितीतरी अधिक चुकतो. तुम्ही बसजवळ उभे असता आणि ॲपला तुम्ही फलाट क्रमांक एकवर दिसता. म्हणून माझ्या मते ठाणे पश्चिमेच्या प्रवाशासाठी योग्य वेळ म्हणजे बस तीन हात नाक्याच्या आसपास असतानाची, आणि पायी येणाऱ्यासाठी योग्य जागा म्हणजे गावदेवी मैदानाचा परिसर. तासही वाया जात नाही आणि हद्दही आड येत नाही.

फोनचा अंदाज बिनसला आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. फोनवरचा नकाशा उघडावा. आपला निळा ठिपका आणि त्याभोवतीचे फिकट वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाचा आकार हीच फोनची शंका. वर्तुळ रुळांवर टेकत असेल तर तिथून तिकीट काढायचा हट्ट धरू नये, रस्त्याकडे थोडे चालावे, वर्तुळ आकसेपर्यंत थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. नकाशात वर्तुळ लहान दिसत असूनही ॲपला तुमची जागा कळत नसेल तर कारण बहुधा वेगळे असते. ॲपला परवानगी देताना ‘अचूक’ ऐवजी ‘अंदाजे’ स्थान निवडले गेलेले असते. ही निवड सेटिंगमध्ये जाऊन बदलली नाही, तर कितीही चालले तरी ॲपला तुम्ही नेमके कुठे आहात हे कळणार नाही. माझ्या शेजारच्या काकांनी दोन आठवडे ॲपला शिव्या दिल्या आणि शेवटी दोष या एका बटणाचा निघाला.

नवी मुंबईत वेळेचा प्रश्न सौम्य आणि जागेचा तीव्र होतो. सिडकोने बांधलेली स्थानके निव्वळ फलाट आणि छप्पर अशी नाहीत. वाशीला स्थानकाच्या इमारतीतच कार्यालये आहेत आणि सीवूड्सला स्थानकावर मॉल उभा आहे. अक्षांश-रेखांशाला मजले कळत नाहीत. चौथ्या मजल्यावर टेबलाशी बसलेला कर्मचारी आणि त्याच्या पायाखाली फलाटावर उभा असलेला प्रवासी नकाशावर एकाच बिंदूत असतात. त्यामुळे संध्याकाळी लिफ्टमधून उतरून थेट फलाटाकडे जाणाऱ्याला ॲप नकार देण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त आहे, आणि त्यात त्याची काही चूक नसते. यावर साधा उपाय म्हणजे सकाळी निघतानाच परतीचे तिकीट काढणे. त्यासाठी संध्याकाळी लोकेशनचा प्रश्नच येत नाही. परतीची खात्री नसेल तर स्थानकाच्या इमारतीतून बाहेर रस्त्यावर येऊन तिकीट काढावे. पण त्यासाठी लागणारी पाच मिनिटे यंत्रापुढच्या रांगेइतकीच होतात, हे लक्षात घ्यावे. उलट ऐरोली-घणसोलीकडून येणारा, ज्याला कार्यालयातून स्थानकापर्यंत दहा मिनिटे चालायचे आहे, त्याच्यासाठी ॲपइतके सोयीचे दुसरे काही नाही. फाटकाबाहेर पडताना तिकीट काढावे आणि चालू लागावे.

स्थानकाच्या आत तिकीट मिळावे म्हणून क्यूआर फलकांचा मार्ग काढला गेला. भिंतीवरचा क्यूआर स्कॅन केला की तुम्ही त्या स्थानकावर आहात असे मानून तिकीट मिळत असे. पण भिंतीवरचा छापील क्यूआर बदलत नसल्याने त्याचा फोटो खिशात घेऊन फिरता येई आणि कोऱ्या कूपनाचीच गोष्ट पुन्हा सुरू झाली. हा गैरवापर रेल्वेच्या लक्षात आलेला असल्यामुळे फलकावर भिस्त ठेवून घराबाहेर पडू नये, असे मी सांगेन.

`Book & Print` या पर्यायाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छपाईसाठी शेवटी यंत्रापुढेच उभे राहायचे असेल तर पैसेही तिथेच भरावेत.

आता यंत्राची बाजू. एटीव्हीएमवर स्मार्ट कार्डाने किंवा क्यूआर स्कॅन करून पैसे भरता येतात, लोकेशनचा संबंध नसतो आणि हातात कागद येतो. त्या कागदाची खरी किंमत संध्याकाळी फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर आल्यावर कळते. ॲपवरचे तिकीट दाखवायला इंटरनेट लागत नाही, `Show Ticket` वर ते नेटवर्क नसतानाही उघडते. परंतु फोन बंद पडला तर तपासनिसाच्या दृष्टीने तुमच्याकडे तिकीट नाही. स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट त्या फोनमध्येच असते, दुसऱ्याला पाठवता येत नाही. एका तिकिटावर चार जणांपर्यंत प्रवास करता येतो, पण आई महिलांच्या डब्यात आणि फोन मुलाच्या खिशात सर्वसाधारण डब्यात, अशी विभागणी झाली की आईकडे दाखवायला काहीच उरत नाही. कुटुंबासह जाताना मी म्हणूनच कागद घेतो. शिवाय कागदाविना तिकीट रद्द करता येत नाही. भाडे १५ रुपये असताना हा तोटा फारसा नाही, पण वातानुकूलित किंवा पहिल्या वर्गाचे तिकीट घाईने काढणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

पैसे भरण्याबाबत एक बारीक गोष्ट. यूपीआयने भरताना ॲपमधून बाहेर जाऊन परत यावे लागते, आणि चालत्या बसमध्ये नेटवर्क नेमके तिथे तुटले तर पैसे गेलेले दिसतात पण तिकीट दिसत नाही. अशा वेळी ‘पैसे कापले’ असा संदेश तिकीट म्हणून दाखवता येत नाही. `Show Ticket` मध्ये तिकीट दिसत नसेल तर ते निघालेले नाही असे समजून दुसरे काढावे आणि परताव्याची वाट पाहावी. ॲपमधल्याच आर-वॉलेटमध्ये आधीच शंभर-दोनशे रुपये ठेवले तर ही बाहेरची फेरी टळते.

मानपाड्याचा आपला प्रवासी आठवड्यातून तीनदा एकटाच जाणारा असेल, तर त्याने आर-वॉलेट भरून ॲप वापरावे आणि तिकीट बस तीन हात नाक्याला आल्यावरच काढावे. वाशीच्या स्थानकाच्या इमारतीतच ज्याचे कार्यालय आहे आणि परतीची वेळ ठरलेली नाही, त्याने स्मार्ट कार्ड घेऊन खाली यंत्रावर तिकीट काढलेले बरे.