प्रमुख पाहुण्यांचा परिचय नव्वद सेकंदांत: परिचयपत्र वाचावे की एक काम सांगावे?

पाहुण्यांनी पाठवलेले परिचयपत्र जसेच्या तसे वाचावे, की त्यांच्या एखाद्याच कामाभोवती परिचय बांधावा, हा प्रश्न आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी माझ्यापुढे उभा राहिला. त्या वर्षी पाहुणे म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी येणार होते.

व्यासपीठावरून सावकाश बोलताना मी मिनिटाला साधारण एकशेवीस शब्द बोलतो, म्हणजे नव्वद सेकंदांत एकशेऐंशी. गुरुजींचे परिचयपत्र त्याच्या दुप्पट होते. ते वाचण्याचा मोठा फायदा असा, की काही सुटत नाही आणि निवडीची जबाबदारी आपल्यावर येत नाही. पण सनावळी आणि समित्यांची नावे सुरू झाली, की चौथ्या ओळीपासून सभागृहात कुजबुज सुरू होते. शिवाय छापील कागद बिनचूक असतोच असे नाही. गुरुजींच्या मुलाने टंकलिखित केलेल्या कागदावर ‘राष्ट्रपती पुरस्कारप्राप्त’ असे होते. आदल्या दिवशी फोन केला तेव्हा गुरुजी म्हणाले, “अहो, तो राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, एवढेच.” पुरस्काराचे अधिकृत नाव, पदाआधी ‘माजी’ हवे की नको आणि नावाचा उच्चार, एवढे तीन प्रश्न पाहुण्यांनाच विचारावेत. कुलसचिवांना कुलगुरू म्हटले गेले, तर त्यांना भाषणाची सुरुवातच दुरुस्तीने करावी लागते. पद्मश्री मिळालेल्या व्यक्तीच्या नावामागे तो शब्द बिरुदासारखा जोडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. ‘पद्मश्रीने सन्मानित’ असे वाक्यात सांगावे.

दुसरी पद्धत मला अधिक पटते, मात्र तिच्यात मेहनत जास्त आहे आणि धोकाही आहे, कारण आपुलकीच्या भरात ‘थोर’, ‘ऋषितुल्य’ अशी विशेषणे येतात आणि ती कोणत्याही पाहुण्याला चालतात. त्यावर उपाय म्हणजे पाहिलेली गोष्ट सांगणे. गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितले, की दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते सायकलच्या कॅरिअरला पुस्तकांची पिशवी बांधून तीन वाड्यांवर जात आणि पावसाळ्यात पिशवीवर खताची रिकामी गोणी गुंडाळत. वाचनालयाच्या श्रोत्यांसाठी हीच गोष्ट निवडायला हवी होती. मी ती चाळीस सेकंदांत सांगितली, पुढच्या तीस सेकंदांत नोकरीची वर्षे आणि पुरस्काराचे नेमके नाव सांगितले, आणि उरलेले वीस निमंत्रणासाठी ठेवले. मूळ परिचयपत्र कार्यक्रमपत्रिकेत छापले, त्यामुळे काही गाळल्याची रुखरुख राहिली नाही.

चर्चासत्रात, जिथे वक्त्याचा अधिकार पदवी आणि संशोधनावरून ठरतो, तिथे मात्र मी पहिलीच पद्धत घेईन, फक्त विषयाशी संबंधित तीनच नोंदी ठेवीन. दोन्हीकडे पूर्ण नाव शेवटच्या वाक्यात पुन्हा घ्यावे, म्हणजे टाळ्या नेमक्या त्या नावावर पडतात आणि पाहुणे उठून माईकपाशी येईपर्यंत त्या चालू राहतात.