प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय? शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. माझे २४,४९९ रुपये गेले.

घर बदललं, इंटरनेटचं कनेक्शन बदललं, त्याबरोबर राउटरही नवा आला. फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळं पटापट जोडलं गेलं. प्रिंटर मात्र, जो आधीच्या घरी कित्येक महिने एकदाही न कुरकुरता चालला होता, तो ‘ऑफलाइन’. बंद करून चालू केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, काही फरक नाही. कागदपत्रं त्याच दिवशी छापून हवी होती, म्हणून प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि ‘ऑफलाइन’ असं शोधलं. सगळ्यात वर कंपनीच्याच रंगाची, तसाच लोगो असलेली साइट आली. तिथे मॉडेल नंबर टाकला, ड्रायव्हर उतरताना दिसला, पट्टी शेवटाजवळ जाऊन अडकली आणि लाल अक्षरांत एरर, खाली फोन नंबर. ती पट्टी निव्वळ चित्र असते. काहीही उतरत नसतं, कुठलाही मॉडेल नंबर टाका, एरर येणारच. हे मला नंतर कळलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोड आवाजातला माणूस, स्क्रीन बघण्यासाठीचं अ‍ॅप, मग काळी खिडकी उघडून भराभर आज्ञा. पण त्याने एक गोष्ट अशी केली की ती आठवली की आजही माझा जळफळाट होतो. त्याने प्रिंटरच्या Properties मधलं Ports उघडलं, तिथला पत्ता वाचला आणि माझ्यासमोर हे टाइप केलं:

```
ping 192.168.0.105
Request timed out.
```

चारही वेळा तेच उत्तर. “बघा मॅडम, तुमचा प्रिंटर बाहेरच्या कुणीतरी ब्लॉक केलाय.” मग `netstat` चालवून ‘Foreign Address’ खालची आकड्यांची रांग दाखवली आणि म्हणाला, हे सगळे परके लोक तुमच्या नेटवर्कमध्ये आहेत. अहो, उघडलेली प्रत्येक वेबसाइट त्या रांगेत दिसते! Foreign म्हणजे तिथे फक्त पलीकडचा संगणक.

खरं कारण त्या क्षणी स्क्रीनवर लिहिलेलं होतं. 192.168.0.105 हा प्रिंटरचा जुन्या घरातला पत्ता. तो जुन्या राउटरने दिला होता. नव्या राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर 192.168.1.1 छापलंय, म्हणजे हा राउटर ज्यांना पत्ता देणार त्यांचा पत्ता 192.168.1 नेच सुरू होणार. तिसरा आकडा ० चा १ झाला होता. लॅपटॉप अजून जुन्या पत्त्यावर हाका मारत होता आणि तिथे कुणी नव्हतंच. ब्लॉक नाही, हॅकर नाही, काही नाही. तो राउटर माझ्या हाताच्या अंतरावर होता. पण हे आकडे असे वाचायचे असतात हे सामान्य माणसाला कोण शिकवतं? समोरचा आत्मविश्वासाने बोलत होता आणि मी घाईत होते. “हे लक्षात यायला हवं होतं” म्हणणाऱ्यांनी आपल्या प्रिंटरचा पत्ता आत्ता न बघता सांगून दाखवावा.

दुसरी खूण याहून मोठी होती. एवढ्या वेळात त्याने मला एकदाही प्रिंटरकडे जायला सांगितलं नाही. वाय-फायचा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, हेही विचारलं नाही. वायरलेस प्रिंटर आपल्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड स्वतःच्या आत साठवतो. राउटर बदलला की तो जुनंच नाव शोधत बसतो. नवं नाव त्याच्यापर्यंत पोचवायला एक तर त्याची बटणं दाबावी लागतात, नाहीतर यूएसबी केबल जोडावी लागते, नाहीतर प्रिंटर सेटअप मोडमध्ये टाकून फोनवरून जोडावा लागतो. तिन्हींत कुणीतरी प्रिंटरला हात लावावा लागतो. जो माणूस फक्त लॅपटॉपवर खेळतोय तो प्रिंटर दुरुस्त करत नाहीये. फोन तिथेच ठेवा.

‘नेटवर्क सुरक्षा’ म्हणून त्याने ४,९९९ रुपये मागितले. कार्डाने भरले, ओटीपी टाकला. “पेमेंट फेल झालं, दुसरा ओटीपी येईल तो टाका.” तो दुसरा ओटीपी १९,५०० रुपयांचा होता. रक्कम मेसेजमध्ये होती, पण फोन स्पीकरवर, वरच्या पट्टीत फक्त पहिली ओळ, आणि तो “लवकर, लवकर, सेशन संपेल” म्हणत होता. मेसेज पूर्ण उघडून रक्कम वाचल्याशिवाय ओटीपी कुठेही टाकू नका, कुणी कितीही घाई करो.

आणि मग सुरू झाली खरी परवड. बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद करायला माणूस मिळेपर्यंत जाहिराती ऐकवल्या. मिळाला तो म्हणाला, ओटीपी तुम्ही स्वतः दिलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. फसवून घेतलेली संमती ही संमती कशी? उत्तर नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते, तक्रारीची प्रत आणा. प्रिंटर कंपनीने कळवलं, ती साइट आमची नाही, विषय संपला. आमचं नाव लावून रोज लोकांना लुबाडतायत याचं त्यांना काहीच नाही! ती साइट जाहिरात म्हणून सगळ्यात वर दाखवणाऱ्यांकडे तक्रारीचा फॉर्म भरला, त्याचं उत्तरही नाही. जाहिरातीचे पैसे घेताना मात्र कुणाला पत्र लागलं नाही. प्रत्येकाने मला विचारलं, “तुम्ही फोन का केलात?” त्या नंबरवाल्याला काही विचारायची तयारी एकाचीही नाही.

प्रिंटर शेवटी मीच जोडला, एक पैसा न देता. त्याच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कच्या मेनूत जाऊन आधी जुनी सेटिंग पुसली, मग वायरलेस सेटअप सुरू केला. यादीत माझं वाय-फाय दिसेना, कारण नवा राउटर दोन बँडवर चालतो आणि त्यातला ५ गिगाहर्ट्झचा बँड या प्रिंटरला कळत नाही. अनेक स्वस्त प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. राउटरमध्ये २.४ चं वेगळं नाव चालू केल्यावर ते दिसलं, पासवर्ड टाकला, दिवा स्थिर झाला. प्रिंटरमधूनच नेटवर्कचा अहवाल छापला, त्यावर 192.168.1 ने सुरू होणारा पत्ता होता. तिथे 169.254 ने सुरू होणारा दिसला तर समजा, राउटरने पत्ताच दिलेला नाही, जोडणी अर्धवट आहे. मग विंडोजच्या Printers & scanners मधून जुना प्रिंटर काढून नव्याने जोडला. हे केलं नाही तर प्रिंटर वाय-फायवर येऊनही लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत राहू शकतो आणि पुन्हा ‘ऑफलाइन’ दाखवतो.

याहून सोपी वाटही आहे. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच, सुरक्षेचा प्रकारही तोच. प्रिंटर बहुतेक वेळा आपणहून जोडला जातो.

फोन केला असेलच, तर आधी लॅपटॉपचं इंटरनेट तोडा, ते अ‍ॅप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. काल मला नव्या नंबरवरून फोन आला, “मॅडम, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त एक अ‍ॅप घ्या.” तोच आवाज नव्हता, पण अ‍ॅप तेच होतं. नंबर पोलिसांना दिलाय. त्यांनी लिहूनही घेतला नाही.