साधं संचकारपत्र की नोंदवलेलं? माझं अडलं ते 'कब्जा दिला' या ओळीवर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जागेचा सौदा ठरला की पहिला कागद होतो तो संचकारपत्राचा, म्हणजे इसार देऊन केलेल्या खरेदीच्या कराराचा. तो वकिलांकडे टाइप करून नोटरीचा शिक्का घेऊन ठेवायचा, की सब-रजिस्ट्रारकडे नेऊन नोंदवायचा, हा प्रश्न मला दोनदा पडला. पहिल्यांदा मी नोटरी केली, दुसऱ्यांदा नोंदणी. मालकी दोन्हींतून मिळत नाही, ती खरेदीपत्रानेच येते. फरक पडतो तो सौदा फिसकटल्यावर.

माझा पहिला सौदा खानापूर रस्त्यालगतच्या एका प्लॉटचा होता. किंमत १२ लाख, संचकार ४ लाख, खरेदीपत्राला सहा महिन्यांची मुदत. विकणारे ओळखीतले. "आजपासून जागा तुमचीच, कुंपण घाला," असं ते म्हणाले आणि कागदातही 'आज रोजी कब्जा दिला आहे' अशी ओळ घातली गेली. ती ओळ मला फार मोलाची वाटली होती. स्टँप दोनशेचा.

मुदत सरली तशी त्यांनी किंमत वाढवून मागितली आणि एक दिवस माझं कुंपण उपटलेलं दिसलं. मी कोर्टात गेलो. समोरच्या वकिलांनी व्यवहार नाकारलाही नाही. त्यांनी फक्त त्या ओळीवर बोट ठेवलं.

कर्नाटकच्या मुद्रांक कायद्यात कब्जा दिलेल्या कराराला खरेदीपत्राएवढंच शुल्क लागतं. १२ लाखांवर ५ टक्के म्हणजे ६० हजार, सेस-सरचार्ज वेगळा. ते भरलेलं नसेल तर कोर्ट कागद अडकवून ठेवतं आणि तुटीच्या दहापट दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाही. म्हणजे जवळजवळ ६ लाख दंड, संचकारापेक्षा जास्त. दंड कमी करायला कोर्टाला मुभा नसते. कागद जिल्हा रजिस्ट्रारकडे पाठवा, असा अर्ज वेळीच केला तर तिथे तो कमी होऊ शकतो, पण त्यात महिने जातात.

आणि एवढं भरूनही कब्ज्याचं संरक्षण मिळणार नव्हतं, हे मला जास्त लागलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३-अ कलमानुसार, करारावर कब्जा घेतलेल्या आणि आपली बाजू पाळणाऱ्या खरेदीदाराला विकणारा हुसकावू शकत नाही. मात्र २४ सप्टेंबर २००१ पासून हे कवच फक्त नोंदवलेल्या करारालाच आहे. ज्या ओळीने माझ्यावर शुल्क चढवलं, तिचा फायदा मात्र नोंदणी नाही म्हणून गेला. शेवटी दीड लाख वाढवून देऊन मी तडजोड केली.

तरी नोटरीचा कागद अगदीच निकामी, असं मी म्हणणार नाही. नोंदणी कायद्याच्या ४९ व्या कलमात सवलत आहे: बिननोंदणीचा करारही करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो, सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलंय. कब्ज्याची ओळ नसेल, शुल्क नीट भरलेलं असेल, तर तुम्ही 'खरेदीपत्र करून द्या' असा दावा लावू शकता. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत मात्र लावायला हवा, आणि उरलेले पैसे द्यायला आपण तयार होतो हे दाखवायला हवं. दाव्यात खरेदीपत्राचा आदेश नाही मिळाला, तरी संचकाराची रक्कम परत मागता येते.

त्याचा दुबळेपणा तिसऱ्या माणसापुढे उघडा पडतो. हा कागद ईसीत, म्हणजे जागेवरच्या नोंदवलेल्या व्यवहारांच्या दाखल्यात, दिसत नाही. मधल्या काळात कुणी तुमच्या कराराची खबर नसताना, पैसे मोजून तीच जागा खरेदी केली, तर त्याच्याविरुद्ध करारपूर्ती मिळत नाही. नोंदवलेला करार मात्र ईसीत येतो आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणणं त्याला अवघड जातं.

नोंदणीची अडचण मी नाकारत नाही. दोघांना हजर राहावं लागतं, आणि सौदा मोडला तर रद्दपत्रही नोंदवावं लागतं, म्हणून विकणारे कां-कूं करतात. महिन्याभरात खरेदी होणार असेल आणि माणूस घरचा असेल, तर कब्जा न घेता केलेली नोटरी कदाचित पुरेल. कब्जा आधीच हवा असेल, तर पूर्ण शुल्क भरून करार नोंदवा. ते पुढे खरेदीपत्राच्या शुल्कात वळतं होतं.

दुसऱ्या सौद्यात मी बिनकब्ज्याचा करार नोंदवला. 'कब्जा खरेदीपत्राच्या दिवशी' असं कलम मी स्वतः वाचून घातलं. सात महिने जागेवर साधा खांबही रोवता आला नाही. पण पाचव्या महिन्यात दुसरं एक गिऱ्हाईक त्या जागेची ईसी काढून, त्यातली नोंद बघून थेट माझ्याकडेच विचारायला आलं.