नवी बॅटरी घ्यावी की आधी कनेक्टर तपासावा?

चार्जर काढला की लॅपटॉप झटक्यात बंद, आणि स्क्रीनवर ‘No battery is detected’. पावसाळ्यात भाचीच्या लॅपटॉपचं असंच झालं. एमजी रोडवरच्या एका दुकानात तो न उघडताच सांगितलं, “बॅटरी गेली, नवी टाका.”

मला ते पटलं नाही. थकलेली बॅटरी सहसा दिसत राहते, फक्त लवकर उतरते. ती ‘नाहीच’ असं लॅपटॉप म्हणतो तेव्हा दोघांमधलं बोलणं तुटलेलं असतं. बॅटरी मदरबोर्डला जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये वीज नेणाऱ्या तारांशिवाय माहितीच्या दोन-तीन बारीक पिना असतात. त्यातली एक जरी टेकली नाही, तरी भरलेली बॅटरीसुद्धा गायब दिसते.

म्हणून आधी आठवायचं. बॅकअप महिनोन्महिने घटत गेला असेल, तर संशय बॅटरीवर. लॅपटॉप पडला असेल, किंवा रॅम वाढवायला उघडला आणि मग हे सुरू झालं, तर कनेक्टरवर. भाचीचा लॅपटॉप एसएसडी बसवण्यासाठी नुकताच उघडला होता.

कनेक्टर बघायला खर्च जवळपास नाही. बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण वीस सेकंद दाबून धरा, मग मागचं झाकण काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर इथेच थांबा, ती बदलायचीच. नसेल तर प्लास्टिकच्या पट्टीने कनेक्टर सोडवा, तारा ओढू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या आणि सरळ, शेवटपर्यंत दाबून बसवा. भाचीचा एका बाजूने केसभर वर राहिला होता.

बॅटरी दिसू लागली की विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहून तिची प्रकृती बघायची:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या फाइलमध्ये DESIGN CAPACITY ४१,०४० होती आणि FULL CHARGE CAPACITY ३३,२१०, म्हणजे ८१ टक्के. ती बॅटरी बदलण्यात अर्थ नव्हता. हाच आकडा चाळिशीच्या खाली असता तर मी कनेक्टर बसवूनही नवी घेतली असती.

नवी बॅटरी कधी? पुसून-बसवूनही बायोसमध्ये दिसत नाही तेव्हा. पण मल्टीमीटरवर शून्य आलं एवढ्यावरून निकाल देऊ नका. खोल उतरलेल्या बॅटरीचं संरक्षण सर्किट वीज अडवतं, आणि काही पॅक लॅपटॉपला जोडल्याशिवाय व्होल्ट देतच नाहीत. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानात त्याच मॉडेलची चालू बॅटरी लावून दाखवायला सांगा. तीही दिसली नाही, तर दोष मदरबोर्डवर आहे आणि नव्या बॅटरीचे पैसे वाया जातील.

नुसत्या चार्जरवर चालवण्याचा पर्यायही आहे, टेबलावरून न हलणाऱ्या लॅपटॉपला तो चालतो. पण लाइट गेली की न सेव्ह केलेलं काम जातं, आणि काही मॉडेल बॅटरीविना प्रोसेसरचा वेग कमी करतात. भाचीला प्रोजेक्ट घेऊन रोज कॉलेजला जायचं होतं, त्यामुळे तो विचार आम्ही केलाच नाही.