पाय मुरगळलाय: एक्स-रे की वाट पाहणं, ब्रेस की प्लास्टर?

घोटा बाहेरून टम्म सुजला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो आत्ताच्या आत्ता फोटो काढा, दुसरा म्हणतो लचकच आहे, चोळा. सूज बघून यातलं काहीच ठरत नाही. बारीक चीर गेलेल्या हाडापेक्षा हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं तर जास्त सूज येऊ शकते. ठरतं ते बोटाने दाबून, आणि कुठे दाबायचं हे कळायला घोटा आतून थोडा समजून घ्यावा लागतो.

नडगीचं हाड आणि तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक फिब्युला, या दोघांची खालची टोकं मिळून एक खाच होते. बाहेरून आपल्याला दिसतात ते दोन घोटे म्हणजे या खाचेच्या दोन भिंती. खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

गड चढताना चवडा वर उचललेला असतो. टॅलसचा रुंद भाग खाचेत घट्ट अडकतो आणि हाडंच सांध्याला धरून ठेवतात. उतरताना चवडा खाली झुकतो, खाचेत अरुंद भाग येतो आणि सांध्यात किंचित खेळ राहतो. आता सांधा सांभाळायचं काम हाडांकडून लिगामेंटकडे गेलेलं असतं. चढताना धाप लागते, पण पाय मुरगळतो तो बहुतेक उतरताना, याचं मोठं कारण हे.

तो आतच का वळतो, बाहेर का नाही? स्वतःचे दोन्ही घोटे चाचपून बघा. बाहेरचा जास्त खालपर्यंत आलेला लागेल. ही लांब भिंत टॅलसला बाहेर कलू देत नाही. आतली भिंत आखूड आहे, तिच्यावरून टॅलस सहज कलतो. शिवाय आतल्या बाजूला डेल्टॉइड नावाचं पंख्यासारखं पसरलेलं जाड लिगामेंट आहे, तर बाहेर तीन सुटे पट्टे. त्यातला सगळ्यात पुढचा, फिब्युलापासून टॅलसच्या मानेपर्यंत जाणारा, तिघांत नाजूक. चवडा खाली असताना नेमका तोच ताणला जातो, म्हणून पहिला बळी त्याचाच. पाय आणखी वळला तर टाचेच्या हाडाकडे जाणारा दुसरा पट्टा जातो. तिसरा, मागचा, भक्कम असतो. सांधा पूर्ण निखळल्याशिवाय तो सहसा तुटत नाही.

हाड मोडतं तेही याच झटक्यात. बाहेरच्या बाजूला लिगामेंट ओढलं जातं आणि कधीकधी ते स्वतः फाटण्याऐवजी घोट्याच्या टोकाचा तुकडा घेऊन सुटतं. आतल्या बाजूला उलटं घडतं: कललेला टॅलस आखूड भिंतीला ढकलतो आणि ती उभी चिरते. तिसरी जागा लोक विसरतात. पाय वाचवायला बाहेरचे स्नायू जोर लावतात, आणि त्यातल्या एकाची दोरी करंगळीच्या मागे, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे बांधलेली असते. तो उंचवटाही मोडू शकतो.

आता दोन पेशंट शेजारी ठेवतो. दोघंही राजगडाच्या पाली दरवाजाच्या वाटेने उतरताना घसरलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आलेले. तरुणीच्या घोट्यापुढे अंड्याएवढा फुगवटा होता. नाजूक पट्टा सांध्याच्या आवरणातच विणलेला असतो, तो फाटला की तिथे रक्त साचून असं होतं. घोट्याच्या पुढे, किंचित खाली दाबलं की ती कळवळायची. पण घोट्याची मागची कड मी खालून वर चार-पाच बोटं दाबत गेलो तर काही नाही. आतला घोटा, करंगळीमागचा उंचवटा, आणि आतल्या बाजूने पावलाच्या कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर हाड, सगळं शांत. घसरल्यावर ती लंगडत का होईना चालली होती, माझ्यासमोरही चार पावलं टाकली. एक्स-रेची गरज नव्हती.

तिच्या काकांना सूज जेमतेम होती आणि क्रेप बँडेज बांधून ते आरामात बसले होते. पण मागच्या कडेवर बोट ठेवताच त्यांनी पाय मागे ओढला. त्या कडेच्या या भागात नाजूक पट्टा नसतो, तिथे दुखतं म्हणजे बोलतंय ते हाड. एक्स-रेत फिब्युलाला चीर निघाली. गंमत म्हणजे चालत आले होते काकाच, पुतणीला धरून आणावं लागलं होतं.

हे नियम कॅनडातल्या ओटावामध्ये इयन स्टील यांच्या चमूने 1992 मध्ये मांडले. दोन्हीपैकी कुठल्याही घोट्याच्या मागच्या कडेला खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये किंवा टोकाला दाबून दुखतं, करंगळीमागच्या उंचवट्यावर किंवा नॅव्हिक्युलरवर दुखतं, किंवा लागल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, यातलं एकही असेल तर एक्स-रे काढा. काहीच नसेल तर मोडलेलं हाड निसटण्याची शक्यता फार कमी. मात्र मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल, माणूस प्यायलेला असेल किंवा मूल लहान असेल तर या दाबण्यावर विसंबू नका.

एक दुखणं या दोन्हींत बसत नाही. नडगी आणि फिब्युला यांना सांधणारी वरची लिगामेंट फाटली तर दुखतं ते घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागात, आणि पाऊल बाहेर फिरवलं की जास्त. ते डॉक्टरांनाच दाखवा, कारण त्यात खाचच सैल होते आणि वेळही जास्त लागतो.

हाड शाबूत आहे असं ठरलं की दुसरा प्रश्न, ब्रेस की प्लास्टर. पट्टा किती फाटलाय हे पहिल्या दिवशी नीट कळत नाही, दुखण्याने माणूस पाय आखडून धरतो. मी अशा पेशंटना चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा बोलावतो. एका हाताने नडगी धरायची, दुसऱ्याने टाच पुढे ओढायची. टॅलस दुसऱ्या पायापेक्षा जास्त पुढे सरकला आणि घोट्यापुढे खळगा पडला, तर पट्टा पूर्ण गेलाय. तरुणीचा गेला होता.

तरीही तिला ब्रेसच दिला. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस टॅलसला कलू देत नाही, पण चवडा वर-खाली करू देतो. भरून येणाऱ्या लिगामेंटच्या तंतूंना अशा मोजक्या ताणाने योग्य दिशा मिळते. प्लास्टरमध्ये ती मिळत नाही, पिंढरी मात्र वाळते. क्रेप बँडेजने सूज आवरते, कलणं आवरत नाही.

प्लास्टर अगदीच टाकाऊ आहे असं नाही. 2009 मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पाय टेकवताच न येणाऱ्या, जबर लचकलेल्या लोकांना गुडघ्याखालचं प्लास्टर 10 दिवस घातलं होतं. तीन महिन्यांनी ते नुसत्या नळीसारख्या बँडेजवाल्यांपेक्षा बरे होते, नऊ महिन्यांनी फरक उरला नाही. म्हणून पाऊलच टेकवत नसेल तर दहा दिवसांचं प्लास्टर आणि मग ब्रेस, हे मला पटतं. साध्या लचकेला महिनाभर कच्चं प्लास्टर ठेवणं पटत नाही.

ब्रेस साधारण चार ते सहा आठवडे. दुखणं कमी झालं की भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहण्यापासून व्यायाम सुरू होतो. फाटलेला पट्टा थोडा सैल भरून येऊ शकतो, तेव्हा पाय कलताच सावरणारे बाहेरचे स्नायू पुन्हा चपळ करावे लागतात. डोळे मिटून, आधाराशिवाय, दुखऱ्या पायावर दुसऱ्या पायाइतका वेळ उभं राहता येत नसेल, तर खडबडीत वाटेवर किंवा मैदानावर जायची घाई नको, आणि गेलात तर ब्रेस घालून जा. चोळणं आणि पाय ओढून बसवणं पहिल्या दिवसांत दोन्ही नको. काकांच्या बाबतीत तर त्याने चीर गेलेलं हाड पुरतं मोडलं असतं.