पाच मीटरचा अँगल ट्रस: एका पावसाळ्यानंतर

मकरपुरा जीआयडीसीजवळच्या एका फॅब्रिकेटरकडून वडोदऱ्याच्या घरामागच्या शेडसाठी ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, करून घेतले. आता एक पावसाळा निघाला आहे.

माप साधं. भिंत ते भिंत 5 मीटर, मधली उंची 1.25 मीटर, म्हणजे आडवं दोन तर उभं एक. उतार साडेसव्वीस अंशांचा आणि राफ्टर, म्हणजे वरचा तिरका अवयव, 2.8 मीटरचा. राफ्टर आणि खालचा आडवा टाय 40×40×5 च्या जोड अँगलचे, सांध्यांत मध्ये 6 मिमीचं गसेट, म्हणजे जोडपट्टी. राफ्टरच्या बरोबर मध्यावर, 1.4 मीटरवर, स्ट्रट येतो, म्हणजे राफ्टरला खालून टेकू देणारा अवयव. फरशीवर खडूने पूर्ण मापाचा ट्रस आखून त्यावरच अँगल मांडले. टोकं मात्र तिरकी कापायची गरज पडली नाही. सरळ कापून गसेटवर थोडी फट ठेवली तरी चालतं, कारण जोर गसेटमधून जातो.

वेल्डिंगमध्ये एक बारकावा पाळून घेतला. अँगलचा भारमध्य कोपऱ्यापासून 11.6 मिमीवर असतो, म्हणून कोपऱ्याच्या बाजूला लांब वेल्ड आणि कडेला आखूड, साधारण सत्तर-तीस. दोन्हीकडे सारखा वेल्ड दिला तर सांध्यात उगाच वाकवणारा जोर येतो. दोन अर्धे तुकडे दुकानात वेल्ड केले. शिखरावर आणि टायच्या मध्यावर बोल्ट, कारण अरुंद बोळातून अख्खा ट्रस आत आला नसता. बोल्टची भोकं ड्रिलने पाडून घेतली. गॅसने पाडलेली ढिली निघतात आणि ट्रस खाली बसतो.

तक्रार आहे ती पर्लिनची, म्हणजे ज्यावर पत्रा बसतो त्या आडव्या दांड्याची. मागच्या उतारावर पत्रा तोकडा पडला, म्हणून कारागिराने मधला पर्लिन स्ट्रटच्या सांध्यावरून साडेतीनशे मिमी खाली सरकवला. मी विचारलं तर, “चालशे, काका.” पण ट्रसचे अवयव ओढ आणि दाब घेण्यासाठी असतात. पर्लिन सांध्यावर असेल तर भार स्ट्रटमध्ये उतरतो. सांधा चुकला की राफ्टर तुळईसारखा वाकतो. पर्लिनवर 300 किलो आले तर त्या जागी राफ्टरमध्ये वाकण्याचा ताण हिशेबाने प्रति चौरस मिलिमीटर 200 न्यूटनच्या आसपास जातो. साधं पोलाद 250 ला हार मानतं, आणि राफ्टरमधला दाब अजून मोजलेलाच नाही. स्ट्रटची रेघ सांध्यात 3 सेंटिमीटर चुकली तर हाच ताण 20 च्या आसपास राहतो; तेवढं खपून जातं.

ओळखायची खूण सोपी आहे. राफ्टरच्या दोन टोकांना दोरी ताणा. पन्हाळ साफ करायला दोघे वर चढले, तेव्हा मागचा राफ्टर दोरीपासून दोनेक मिलिमीटर खाली गेला. पुढचा हलला नाही. दिवाळीआधी पर्लिन सांध्यावर आणून घेतला, लांब पत्रा घालून. ते पैसे कारागिराने अर्धे सोसले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

गंज फक्त जोड अँगलमधल्या 6 मिमीच्या फटीत. तिथे ब्रश पोचत नाही, तांबडे ओघळ उतरतात. आतल्या बाजूंना जोडण्याआधीच रेडऑक्साइड लावून घ्या, फक्त वेल्डची जागा सोडून.